आधी बोल्टच तुटला पाहिजे

नट-बोल्टची जोडी ताणाखाली तीन प्रकारे हार खाते. बोल्टची दांडी तुटते, बोल्टवरचे आटे कातरले जातात, किंवा नटाच्या आतले आटे कातरले जातात. तिन्हींचा शेवट एकच, जोडलेले भाग सुटतात. तरीही नटाची उंची ठरवणाऱ्यांचा आग्रह असतो की तुटायचीच वेळ आली, तर तुटायचा मान बोल्टच्या दांडीचा.

याचं कारण अगदी व्यवहारी आहे. बोल्ट तुटतो तेव्हा तो लपत नाही. पान्याखाली तुटला तर तुकडा हातात येतो आणि कामगार दुसरा बोल्ट घालतो. आटे मात्र एकदम जात नाहीत. आधी थोडे वाकतात, मग एकामागून एक कातरले जातात. अर्धवट गेलेले आटे नटाला जागेवर धरून ठेवतात आणि बाहेरून जोड घट्ट दिसतो. त्याने किती भार पेलण्याची ताकद उरली आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. असा जोड तपासणीतून सुटतो आणि पुढे केव्हातरी, यंत्र चालू असताना, दगा देतो.

आता कातरतं नेमकं काय, ते पाहू. बोल्टचा आटा म्हणजे दांडीभोवती गुंडाळलेला त्रिकोणी कंगोरा. नटाचे कंगोरे त्याच्या खाचांत बसलेले असतात. ताण वाढला की नटाच्या कंगोऱ्यांचे शेंडे बोल्टचा कंगोरा मुळाजवळ कापू पाहतात. त्यामुळे बोल्टचे आटे नटाच्या भोकाच्या व्यासावर कातरले जातात. नटाचे आटे जातात ते बोल्टच्या बाहेरच्या व्यासावर, म्हणजे जरा मोठ्या वर्तुळावर. नटाच्या बाजूला कापायचं पोलाद त्यामुळे मुळातच जास्त असतं. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

उदाहरणासाठी एम १० बोल्ट घेऊ. व्यास १० मिलिमीटर, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.५ मिलिमीटर, आणि डोक्यावर ८.८ हा शिक्का. शिक्क्यातला पहिला ८ सांगतो की हे पोलाद तुटण्याआधी दर चौरस मिलिमीटरला निदान ८०० न्यूटन ताण सोसतं. आटे पाडल्यावर ताण घेणारं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर धरतात. म्हणजे बोल्ट तुटायला किमान ४६,४०० न्यूटन, साधारण ४.७ टन, जोर लागतो.

कातरण्याला पोलादाचा विरोध ताणाच्या सुमारे ०.६ पट असतो, म्हणून इथे ४८० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. पुस्तकी मापांचा एम १० आटा नटात एक मिलिमीटर खोल गुंतला, तर बोल्टच्या बाजूने कातरायचं क्षेत्रफळ सुमारे १९.७ चौरस मिलिमीटर भरतं. ४६,४०० ला या दोन आकड्यांच्या गुणाकाराने भागलं की उत्तर येतं ४.९ मिलिमीटर. म्हणजे व्यासाच्या निम्म्याहूनही कमी उंचीचा नट कागदावर पुरतो.

या भागाकारात एक गंमत आहे. वरही बोल्टचं पोलाद, खालीही बोल्टचंच. ८०० आणि ४८० दोन्ही एकाच धातूतून आलेले, त्यामुळे धातूची ताकद दोन्हीकडून कटते आणि उरतो तो नुसता आकार. बोल्ट ८.८ चा असो वा १०.९ चा, त्याचे स्वतःचे आटे वाचवायला लागणारी उंची तीच. बोल्ट अधिक दणकट घेतला म्हणून त्याच्या आट्यांसाठी नट उंच करावा लागत नाही. नटाच्या आट्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे, तो पुढे येईल.

कारखान्यातले आटे पुस्तकी मापांचे नसतात. नट बोल्टवर हाताने फिरायला हवा म्हणून बोल्ट किंचित बारीक आणि नटाचं भोक किंचित मोठं ठेवतात, आणि दोन्हींना ठरावीक सूट असते. सगळ्यांत बारीक चालणारा बोल्ट आणि सगळ्यांत सैल चालणारा नट एकत्र आले, तर दर मिलिमीटरचं क्षेत्रफळ १९.७ वरून १५.६ चौरस मिलिमीटरवर येतं. दोघेही तपासणीत पास झालेले असतात, तरी जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. आता लागणारी उंची ६.२ मिलिमीटर होते.

पुढची घट आट्यांच्या उतारामुळे येते. आट्याची बाजू तिरकी असल्यामुळे बोल्ट खेचला की त्याचे आटे नटात पाचरेसारखे घुसतात आणि नटाला बाहेर ढकलतात. नट पोटात फुगतो आणि आट्यांची एकमेकांवरची पकड कमी होते. नटाची भिंत जितकी पातळ, तितकं हे फुगणं जास्त. पान्याचं माप १६ मिलिमीटर असलेल्या एम १० नटात यामुळे सुमारे ९ टक्के ताकद जाते. भाराखाली आटे थोडे वाकतातही, त्यात आणखी १० टक्के. दोन्ही धरले की ६.२ चे ७.६ मिलिमीटर होतात. शिवाय बोल्ट सहज शिरावा म्हणून नटाच्या दोन्ही तोंडांना उतार दिलेला असतो, तिथला आटा पुरता भार घेत नाही. त्यासाठी अर्धा ते पाऊण मिलिमीटर मिळवला की आपण आठ मिलिमीटरच्या किंचित वर पोहोचतो.

नटाची उंची व्यासाच्या ०.८ पट ठेवायची हा जुना रिवाज. जर्मन डिन ९३४ मानकात एम १० चा नट ८ मिलिमीटरचा आणि एम १६ चा १३ मिलिमीटरचा होता. बोल्टची पूर्ण ताकद वापरायची, तो जवळजवळ ताणून लांबेपर्यंत आवळायचा, अशा पद्धती आल्या तशी ही उंची अपुरी पडू लागली. ई. एम. अलेक्झांडर यांनी १९७७ साली अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या सोसायटीसाठी लिहिलेल्या निबंधात मापांची सूट, नटाचं फुगणं, आट्यांचं वाकणं आणि दोन्ही धातूंच्या ताकदीचं प्रमाण यांचा एकत्र हिशेब मांडला. आज आयएसओच्या नेहमीच्या षटकोनी नटाची उंची एम १० साठी ८.०४ ते ८.४ आणि एम १६ साठी १४.१ ते १४.८ मिलिमीटर आहे. वर आपण हाताने काढलेलं उत्तर याच पट्ट्यात पडतं.

आता नटाच्या बाजूचा हिशेब. सर्वांत सैल जोडीतही नटाचं कातरायचं क्षेत्रफळ दर मिलिमीटरला २१.५ चौरस मिलिमीटर आहे, बोल्टच्या १५.६ पेक्षा सव्वापटीहून जास्त. म्हणून नट बोल्टपेक्षा मऊ आणि स्वस्त पोलादाचा चालतो. पण किती मऊ, याला मर्यादा आहे, कारण इथे दोन वेगळे धातू समोरासमोर येतात आणि ताकद कटत नाही. शिवाय शिक्क्यावरचा आकडा किमान ताकद सांगतो. ८.८ चा खरा बोल्ट ८०० ऐवजी ९५० लाही तुटू शकतो, म्हणजे सुमारे ५५,००० न्यूटनला. त्यावर ५०० ताकदीच्या साध्या पोलादाचा नट घातला, तर फुगणं आणि वाकणं सोडूनही साडेआठ मिलिमीटर पूर्ण आटे लागतील. आठ मिलिमीटरच्या नटात ते मिळणार नाहीत आणि नटाचे आटे आधी जातील. बोल्ट चांगला लागला, म्हणून जोड वाईट तऱ्हेने मोडला, असा हा उलटा प्रकार.

यासाठीच नियम सोपा केला आहे. नटावरचा आकडा बोल्टच्या पहिल्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा हवा. ८.८ ला ८ चा नट, १०.९ ला १० चा. डिन ९३४ च्या जुन्या उंचीच्या नटांवर कधी आकड्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा दिसतात. त्यांचा अर्थ, या नटाकडून पूर्ण भाराची हमी धरू नये. बुटका चेकनट तर मूळ नटाला अडवून धरण्यासाठीच असतो. एम १० चा चेकनट ५ मिलिमीटरचा, आणि त्याच्या एकट्यावर भार टाकला तर आटे जाणार हे ठरलेलंच.

जस्ताच्या कढईत बुडवलेल्या बोल्टांचीही अशीच खोच आहे. जस्ताचा थर जाड असतो, म्हणून नटाचे आटे मोठ्या मापाच्या टॅपने मारतात. पकड तेवढी उथळ होते आणि नटाची भारक्षमता घटते. असा मोठ्या आट्यांचा नट बिनजस्ताच्या बोल्टवर चढवला, तर तो हातात सैल डुलतो, आणि तेवढ्यावरूनच तो बाजूला काढायला हवा. बोल्ट आखूड पडून नटाच्या आतच संपला, तरी उंची वाया जाते. म्हणून नटाबाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत.

आटे जात असल्याचं पान्याला आधी कळतं. आवळताना जोर वाढत जायला हवा. तो वाढायचा थांबला किंवा एकदम हलका झाला आणि नट मात्र फिरतच राहिला, तर बोल्ट ताणून लांबतो आहे किंवा आटे घसरताहेत. दोन्ही वेळा ती जोडी फेकूनच द्यायची. मोडलेल्या जोडीत दोषी ओळखायचा तर खाचा पाहायच्या. बोल्टच्या खाचांत नटाच्या धातूची तारेसारखी गुंडाळी अडकली असेल आणि नट आतून गुळगुळीत असेल, तर नट कमी पडला. बोल्टच्या दांडीवरचे कंगोरे तासल्यासारखे गेले असतील आणि त्यांची गुंडाळी नटात राहिली असेल, तर बोल्टचे आटे आधी गेले. ते बहुधा अपुऱ्या उंचीमुळे किंवा सैल मापांमुळे.

मग नट दुप्पट उंच का करू नये? बोल्ट आधी तुटू लागला की पुढची उंची काही देत नाही, कारण जोडाची ताकद आता दांडीची आहे. सुरुवातीला बैठकीकडचा पहिला आटा एकटाच सुमारे एक तृतीयांश भार घेतो, टोकाकडच्यांना फारसं काम नसतं. उंची वाढते ते वजन आणि किंमत. ॲल्युमिनियमच्या भोकात पोलादी बोल्ट बसवताना मात्र दीड ते दोन व्यास खोलीचे आटे मारतात, कारण तिथे मऊ धातूचे आटे वाचवायचे असतात.

सैल माप, मऊ टोकाचा नट आणि कडक टोकाचा बोल्ट हे सगळं एकाच जोडीत जमून आलं, तर मानकातल्या उंचीचा नटही दर वेळी वाचेल असं नाही, आणि मानक तसं वचनही देत नाही. अशा सर्वांत वाईट जुळणीतही प्रमाणाबाहेर आवळलेल्या जोड्यांपैकी निदान १० टक्क्यांत बोल्ट तुटावा, एवढीच आयएसओची अपेक्षा आहे. दहांत एक तुटला तरी आवळणाऱ्याला समजतं की हात जास्त चालतो आहे, आणि उरलेल्या नऊ जोड्या तो पुन्हा तपासू शकतो.