सगळ्यात स्वस्त रस्ता रिकामा

समजा, लासलगावात ५० टन कांदा पडून आहे आणि चाकणला ४० टन. पुण्याला ३०, वाशीला ४० आणि नागपूरला २० टन हवा आहे. कुठून कुठे किती पाठवला तर भाडं कमीत कमी बसेल? असा प्रश्न फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ साली गणितात मांडला. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये त्याला ‘वाहतूक समस्या’ म्हणतात. खालचं दर टनाचं भाडं हिशेबापुरतं, रुपयांत धरलं आहे.

| | पुणे | वाशी | नागपूर |
|---|---|---|---|
| लासलगाव | ८०० | १३०० | २००० |
| चाकण | २०० | ५०० | २२०० |

आधी कसंही करून एक चालणारं उत्तर हवं, मग ते सुधारता येतं. वायव्य कोपरा पद्धत वरच्या डाव्या घरापासून निघते. लासलगावातून पुण्याला ३० टन दिले की पुण्याची मागणी संपते. लासलगावचे उरलेले २० वाशीला जातात. वाशीला अजून २० हवेत, ते चाकणहून येतात आणि चाकणचे राहिलेले २० नागपूरला. एकूण भाडं १,०४,००० रुपये. या पद्धतीने भाड्याच्या आकड्यांकडे एकदाही पाहिलेलं नाही! नकाशावरच्या वायव्येशीही तिचा संबंध नाही. गावांचा क्रम बदलला की उत्तरही बदलतं.

किमान खर्च पद्धत आधी स्वस्त घर शोधते. चाकण–पुणे २०० रुपये, म्हणून तिथे ३० टन. मग चाकण–वाशी ५०० ला, उरलेले १० टन. चाकण रिकामं झालं, आता लासलगावातून वाशीला ३० आणि नागपूरला २० टन. खर्च ९०,००० रुपये, म्हणजे १४,००० वाचले.

पण पहिल्याच घासाला स्वस्त घर उचलल्यामुळे वाशीचे ३० टन १३०० च्या महागड्या रस्त्याला लागले. पुण्याचा एक टन लासलगावातून आणला तर ६०० रुपये जास्त पडतात. त्यामुळे चाकणचा सुटलेला टन वाशीला गेला की ८०० वाचतात. टनामागे २०० रुपयांचा निव्वळ फायदा. हा बदल ३० टनांना केला की खर्च ८४,००० वर येतो: लासलगाव–पुणे ३०, लासलगाव–नागपूर २०, चाकण–वाशी ४०.

एक अडचण मात्र उरते. पुढची तपासणी करायला ओळी अधिक स्तंभ वजा एक, म्हणजे इथे चार घरं भरलेली लागतात आणि आपल्याकडे तीनच आहेत. अशा वेळी भरलेल्या घरांशी बंद फेरा होणार नाही, अशा एका रिकाम्या घरात शून्य मांडून ते भरलेलं धरतात. चाकण–पुणे या घरात शून्य मांडून तपासलं, तर उरलेल्या दोन्ही घरांपैकी कुठलंही वापरून खर्च कमी होत नाही. म्हणजे ८४,००० हेच किमान भाडं, आणि त्यात सगळ्यात स्वस्त रस्त्यावरून एक किलोही कांदा जात नाही.