ओळ मधोमध कापली तर

मात्रावृत्तात लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग पादाकुलकाच्या चरणासारखी १६ मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या मांडण्यांनी भरता येईल? छंदशास्त्रकारांनी याचं उत्तर फार पूर्वी शोधलं. विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात गुजरातेतला हेमचंद्र यांनी नियम सांगितला. शेवटचं अक्षर लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी असलेली ओळ उरते, गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून प्रत्येक संख्या ही मागच्या दोहोंची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४... युरोपात ही क्रमिका फिबोनाचीच्या नावावर आहे. त्याचं पुस्तक १२०२ चं, म्हणजे हेमचंद्रानंतरचं.

सोळावी संख्या कागदावर सहज निघते: १५९७. पण एकावर अठरा शून्यं इतकी दूरची संख्या हवी असेल तर? सेकंदाला शंभर कोटी बेरजा करणाऱ्या संगणकालाही एकेक पायरी चढत तिथे पोचायला ३१ वर्षांहून जास्त लागतील.

इथे ओळ मधोमध कापून पाहावी. १६ मात्रांच्या ओळीचे आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे करा. कापण्याची जागा दोन अक्षरांच्या मध्ये आली, तर डावा तुकडा ३४ प्रकारे भरता येतो आणि उजवाही ३४ प्रकारे, मिळून ११५६. पण कापण्याच्या जागी एखादा गुरू आडवा पडलेला असू शकतो. तो दोन्हीकडची एकेक मात्रा खातो, सात-सात उरतात, आणि २१ गुणिले २१ म्हणजे ४४१ ओळी मिळतात. बेरीज १५९७. आठच्या पुढे एकही संख्या न काढता आपण थेट सोळावर पोचलो.

असंच पुन्हा दुप्पट अंतर कापायचं, तर १६ सोबत १५ मात्रांचीही संख्या हाताशी हवी. म्हणून शेजारच्या संख्या एकत्र, दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या चौकटीत ठेवतात. हाच मॅट्रिक्स. आठ मात्रांचा असा दिसतो:

```
३४  २१
२१  १३
```

यात ८, ७, ७ आणि ६ मात्रांच्या संख्या आहेत. मॅट्रिक्सचा गुणाकार करताना डावीकडची ओळ आणि उजवीकडचा स्तंभ यांचे आकडे जोडीने गुणून बेरीज घेतात. पहिल्या घरासाठी ते होतं ३४×३४ + २१×२१. वर ओळ कापून केलेला हिशेब तोच! शाळेत रुक्ष वाटणाऱ्या या गुणाकाराच्या नियमाला इथे अर्थ मिळतो, आणि मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

घात दोनाच्या पटीत नसेल तेव्हा? १३ मात्रा घेऊ. विषम असेल तर एक वजा करायचा, सम असेल तर निम्मं करायचं: १३, १२, ६, ३, २, १. मग उलटं यायचं. एक मात्रेच्या मॅट्रिक्सपासून (वर १, १ आणि खाली १, ०) सुरुवात करून, जिथे निम्मं केलं तिथे वर्ग आणि जिथे वजा केला तिथे एकदा मूळ मॅट्रिक्सने गुणाकार. पहिल्या घरात क्रमाने १, २, ३, १३, २३३, ३७७ येतात. ही निम्मं करण्याची युक्तीसुद्धा छंदशास्त्रातलीच आहे. n अक्षरांच्या लघु-गुरू मांडण्या, म्हणजे दोनाचा n वा घात, काढायला पिंगलाने ती सूत्रांत बांधली आणि दहाव्या शतकात हलायुधाने आपल्या टीकेत ती उलगडली.

एकावर अठरा शून्यं हा घात दर वेळी निम्मा करत गेलं तर ५९ वेळा निम्मं केल्यावर एक उरतो. म्हणून फार तर ११८ गुणाकार पुरतात. मात्र त्या उत्तरातच दोनावर सतरा शून्यांहून जास्त अंक असतात. ते लिहून ठेवणंच अशक्य. म्हणून प्रत्यक्षात बहुधा १,००,००,००,००७ सारख्या संख्येने भागून येणारी बाकीच मागतात, आणि दर गुणाकारानंतर बाकी घेत जातात. बाकी घेतलीच नाही, तर संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या पूर्णांकात ९१ मात्रांपर्यंतचं उत्तर मावतं. ९२ ला ऋण संख्या उगवते.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. घात एकाने चुकला, तर उत्तर दिसायला अगदी योग्यच असतं. त्यासाठी मॅट्रिक्सचा निश्चयक काढून पाहावा. वरच्या चौकटीत ३४×१३ वजा २१×२१ म्हणजे ४४२ वजा ४४१, उत्तर १. सम घाताला हे नेहमी १ येतं, विषम घाताला उणे १. १३ साठी ३७७×१४४ वजा २३३×२३३ करून पाहा. बाकी घेत केलेल्या हिशेबातही हा नियम टिकतो, फक्त उणे एकाच्या जागी भाजकाहून एकाने लहान संख्या दिसते.

पुढची संख्या मागच्या तिहींवर किंवा दहांवर अवलंबून असली तरी रीत हीच. चौकट तेवढी मोठी होते आणि एकेका गुणाकाराचं काम तिच्या बाजूच्या घनाच्या पटीत वाढतं. दर पायरीला गुणक मात्र तेच राहायला हवेत. n! मध्ये दर वेळी वेगळ्या संख्येने गुणायचं असतं, त्यामुळे वर्ग करत जाण्यासाठी एकच मॅट्रिक्स हाताशी राहत नाही.