राउटरविना टाकी आणि मोटर

विहीर शेतात, टाकी घराच्या गच्चीवर आणि मधे दीडशे मीटर अंतर. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, एवढीच गरज. शेतात वाय-फाय नाही आणि एका निरोपासाठी दरमहा सिमकार्डाचं रिचार्ज परवडत नाही. इथे ईएसपी३२ नावाचे दोन छोटे बोर्ड पुरतात. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही वाय-फाय चिप आहे आणि तिच्यात ईएसपी-नाऊ नावाची सोय आहे. तिच्यामुळे हे बोर्ड राउटर मधे न घेता थेट एकमेकांशी बोलतात.

प्रत्येक बोर्डाला कारखान्यातूनच सहा बाइटचा मॅक पत्ता मिळालेला असतो. टाकीवरच्या बोर्डाला मोटरवरच्याचा पत्ता सांगायचा, त्याला याचा, आणि दोघांना एकाच वाय-फाय चॅनलवर ठेवायचं. लॉगिन नाही, पासवर्ड टाकून जोडणी होईपर्यंत थांबणं नाही. जुन्या आवृत्तीत एका संदेशात २५० बाइट मावतात. आपल्याला चारच लागतात:

```
struct Sandesh {
  uint16_t kramank;   // संदेशाचा क्रमांक
  uint8_t  patali;    // पाण्याची पातळी, टक्के
  uint8_t  motor;     // 1 = चालू, 0 = बंद
};
```

दीडशे मीटर हे अंतर मोकळ्या माळावर सहसा जमतं. पण मधे उभा ऊस असेल तर भरवसा धरता येत नाही, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानांत जिरतात. शिवाय दोन्ही अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे झालं असंही नाही. त्या सरळ रेषेभोवतीही जागा मोकळी लागते. दीडशे मीटरच्या मध्यावर ती रेषेच्या सगळ्या बाजूंनी सुमारे दोन मीटर भरते. त्यामुळे टाकीवरचा बोर्ड उंच असून भागत नाही, विहिरीवरचाही खांबावर चढवावा लागतो. स्टार्टरच्या लोखंडी पेटीत तर तो मुळीच ठेवू नये, पत्रा सिग्नल अडवतो. बोर्ड बाहेर प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा आणि तिथून फक्त रिलेच्या तारा पेटीत न्याव्यात. ऐकणारा बोर्ड सिग्नलची ताकद डीबीएममध्ये सांगतो. उणे ६०-७० असेल तर निर्धास्त राहावं. उणे ९०च्या आसपास गेला की संदेश गळायला लागतात.

आता पोच. संदेश नीट मिळाला की समोरची रेडिओ चिप काही मायक्रोसेकंदांत स्वतःहून पोच देते. ती आली नाही तर पाठवणारी चिप तोच संदेश आपणहून पुन्हा पाठवते आणि काही प्रयत्नांनंतर आपल्या प्रोग्रामला `ESP_NOW_SEND_SUCCESS` किंवा `ESP_NOW_SEND_FAIL` असा निकाल कळवते. सगळ्यांना एकदम पाठवायचा `FF:FF:FF:FF:FF:FF` हा पत्ता वापरला, तर मात्र पोच मिळतच नाही.

बहुतेक जण हा निकाल बघून निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो. कुरिअरच्या पाकिटावर वॉचमनने सही केली म्हणून ते घरमालकाने वाचलं असं होत नाही, तसंच हे. पोच चिपने दिलेली असते. मोटरवरचा प्रोग्राम त्या क्षणी अडकलेला असू शकतो, रिले चिकटलेला असू शकतो. उलटही घडतं: संदेश पोचतो, पण परतीची पोच वाटेत हरवते आणि इकडे अपयश दिसतं. आपण तोच संदेश परत पाठवतो आणि तो तिकडे दोनदा लागू होतो. म्हणून 'मोटरची स्थिती बदल' असा आदेश कधीही देऊ नये. दोनदा पोचला तर चालू झालेली मोटर पुन्हा बंद पडेल. 'चालू' किंवा 'बंद' असं स्पष्ट पाठवावं, मग तो दहादा पोचला तरी बिघडत नाही.

खरी पोच मोटरवरच्या प्रोग्रामने द्यायची: आलेला क्रमांक आणि सोबत करंट सेन्सरने मोजलेली मोटरची प्रत्यक्ष स्थिती. 'बंद' पाठवल्यावर दोन सेकंदांत तोच क्रमांक घेऊन उत्तर आलं आणि करंट शून्य असला, तरच टाकीवरच्या बोर्डाने काम झालं असं मानावं. चिपची पोच येते पण हे उत्तर येत नाही, तर दोष बहुधा मोटरकडच्या प्रोग्रामचा. उत्तर येतं पण करंट वाहतोच आहे, तर रिले किंवा कॉन्टॅक्टर तपासावा. संदेश अधूनमधून गळत असतील तर अंतर किंवा पीक आड येतंय. अचानक एकही पोचेनासा झाला, तर आधी मोटरकडची वीज गेली का ते बघावं आणि मग चॅनल. टाकीवरचा बोर्ड घरच्या वाय-फायलाही जोडलेला असेल, तर तो राउटरच्या चॅनलवर जातो. राउटर पुन्हा सुरू होताना त्याने चॅनल बदललं की विहिरीवरचा बोर्ड जुन्याच चॅनलवर वाट बघत राहतो. राउटरमध्ये ऑटो चॅनल बंद करून एकच आकडा पक्का केला की हे टळतं.

निरोपच पोचला नाही तर काय, हे मोटरकडच्या बोर्डाला आधीच ठरवून द्यावं लागतं. मोटर चालू असेपर्यंत टाकीने दर दहा सेकंदांनी 'चालू' पाठवत राहायचं. मिनिटभर एकही संदेश आला नाही, तर मोटरकडच्या बोर्डाने कोणाला न विचारता ती बंद करायची. लोडशेडिंगनंतर वीज परत आली, तरी टाकीकडून नवा 'चालू' येईपर्यंत रिले उघडाच ठेवायचा.