नेमकी कोणती सूचना आकडा बदलते?

संगणकावरच्या खेळात पात्राला मार बसला की पडद्यावरची शक्ती शंभरवरून पंच्याण्णववर येते. ते पंच्याण्णव मेमरीत कुठेतरी लिहिले गेलेले असते आणि ते लिहिणारी प्रोसेसरची एक ठरावीक सूचना असते. एकट्याने खेळायच्या खेळात असा नियम बदलू पाहणारे बहुतेक जण आधी तो आकडा शोधून गोठवतात. तो उपाय फार काळ टिकत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला की तीच माहिती मेमरीत दुसऱ्याच पत्त्यावर जाते, आणि गोठवलेल्या पत्त्याला काही अर्थ उरत नाही. सूचना मात्र खेळाच्या मूळ फाइलमधून येते. म्हणून आकड्याऐवजी तो बदलणारी सूचना शोधणे आणि तिथेच नवा नियम घालणे अधिक पक्के ठरते.

हे काम समजून घ्यायला ‘चीट इंजिन’ या विंडोजवरच्या साधनासोबत येणारा सरावाचा कार्यक्रम उत्तम आहे, कारण तो याच शिकवणीसाठी बनवलेला आहे. त्याच्या नवव्या पायरीत चार खेळाडू असतात. डेव्ह आणि एरिक आपल्या बाजूचे, तर हॅल आणि किट संगणकाच्या बाजूचे. प्रत्येकासमोर हल्ल्याचे बटण असते. खेळ आपोआप चालू दिला तर आपली बाजू हरते. शक्ती न गोठवता आपल्या बाजूला जिंकवायचे, हे तिथले काम. अडचण अशी की चौघांची शक्ती कमी करणारी सूचना एकच आहे. ती बंद केली तर शत्रूही अमर होतात.

पहिला टप्पा पत्ता शोधण्याचा. या पायरीतली शक्ती पूर्णांकात नसून चार बाइटच्या दशांश संख्येत साठवलेली असते, म्हणून शोधाचा प्रकार ‘फ्लोट’ ठेवावा लागतो. प्रकार चुकला तर योग्य पत्ता यादीत येतच नाही, आणि नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. डेव्हची सध्याची शक्ती शोधायची, त्याच्यावर एकदा हल्ला करायचा, नवा आकडा उरलेल्या पत्त्यांमध्ये शोधायचा. दोनतीन फेऱ्यांत यादी एका पत्त्यावर येते.

मग त्या पत्त्यावर डीबगर बसवायचा. यादीतल्या पत्त्यावर उजवी क्लिक करून `Find out what writes to this address` निवडले की साधन प्रोसेसरच्याच एका सोयीचा वापर करते. १९८५ मध्ये आलेल्या इंटेल ८०३८६ पासून या घराण्याच्या प्रोसेसरांत डीबगसाठी खास रजिस्टर असतात. त्यांपैकी DR0 ते DR3 या चौघांत पहारा ठेवायचे पत्ते लिहितात. पहारा लिहिण्यावर आहे की वाचण्या-लिहिण्या दोन्हींवर, आणि तो किती बाइटवर आहे, हे DR7 मध्ये ठरते. त्या पत्त्यावर कोणी काही लिहिले की प्रोसेसर स्वतःच खेळ थांबवतो आणि विंडोजमार्फत डीबगरला कळवतो. खेळाच्या कोडला हात न लावता हे होते, आणि वेगावर जवळजवळ परिणाम होत नाही. मात्र जागा चारच असल्याने एका वेळी चारांपेक्षा जास्त पत्त्यांवर असा पहारा ठेवता येत नाही.

इथे एक बारकावा आहे. मेमरीवरचा पहारा ती सूचना पूर्ण झाल्यावर वाजतो. त्यामुळे प्रोसेसर थांबतो तेव्हा तो पुढच्या सूचनेवर उभा असतो आणि खरी सूचना शोधायला डीबगरला एक पाऊल मागे जावे लागते. या प्रोसेसरांच्या सूचना एका बाइटपासून पंधरा बाइटपर्यंत कितीही लांब असू शकतात, म्हणून मागे जाताना क्वचित अंदाज चुकतो. यादीत दिसणारी सूचना त्या पत्त्यावर लिहूच शकत नसेल, तर आजूबाजूचा कोड उघडून पाहणे शहाणपणाचे.

पहारा चालू असताना डेव्हवर पुन्हा हल्ला केला की ६४-बिट कार्यक्रमात अशी सूचना दिसते:

```
movss [rbx+08],xmm0
```

`xmm0` या रजिस्टरमध्ये हिशेब होऊन नवी शक्ती तयार आहे. `rbx` मध्ये या खेळाडूच्या नोंदीचा सुरुवातीचा पत्ता आहे. त्या नोंदीत आठ बाइट पुढे शक्ती ठेवायची, असे ही सूचना सांगते. समजा डेव्हच्या शक्तीचा पत्ता `015FA3C8` होता, तर त्याची नोंद `015FA3C0` पासून सुरू होते. आवृत्तीनुसार रजिस्टर किंवा अंतर वेगळे दिसू शकते. पडद्यावर जे दिसेल तेच खरे धरायचे.

आता आपला आणि परका यांतला फरक शोधायचा. या सूचनेवर `Find out what addresses this instruction accesses` लावून चौघांवर एकेकदा हल्ला केला की चार पत्ते जमतात. प्रत्येकातून आठ वजा केले की चार नोंदींच्या सुरुवाती मिळतात. मेमरीच्या रचनेची फोड करून दाखवणारी खिडकी उघडून या चार नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की बहुतेक खाने चौघांत सारखे किंवा चौघांत वेगळे दिसतात. उपयोगाचा खाना तोच, जो डेव्ह-एरिकमध्ये एक आणि हॅल-किटमध्ये दुसरा आकडा दाखवतो. तो `+14` वर सापडतो: आपल्या दोघांत १, संगणकाच्या दोघांत २. हा संघाचा क्रमांक आहे. खेळ पुन्हा सुरू करून आकडे तसेच राहतात का, हे पाहून मगच त्यावर विसंबावे. योगायोगाने एकदा जुळलेला खाना पुढच्या वेळी दगा देतो.

यानंतरचे काम कोड घुसवण्याचे. मूळ सूचनेच्या जागी जास्तीचा तर्क बसवायला जागाच नसते, कारण तिच्या लगेच पुढे पुढची सूचना लागून असते. म्हणून मूळ जागी फक्त एक उडी लिहितात. ती उडी खेळाच्या मेमरीत नव्याने मागून घेतलेल्या जागेत जाते, तिथे नवा तर्क चालतो आणि शेवटी दुसरी उडी मूळ कोडमध्ये परत आणते. चीट इंजिनच्या ‘ऑटो असेंबलर’ खिडकीत याचा सांगाडा तयार मिळतो. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

```
alloc(newmem,$1000,INJECT)
label(code)
label(return)

newmem:
  pushfq
  cmp dword ptr [rbx+14],1
  jne code
  movss xmm0,[rbx+08]
code:
  popfq
  movss [rbx+08],xmm0
  jmp return

INJECT:
  jmp newmem
return:
```

`INJECT` हे मूळ सूचनेच्या जागेचे नाव. संघ क्रमांक १ नसेल तर `jne` थेट `code` कडे जाते आणि शत्रूची शक्ती नेहमीप्रमाणे घटते. क्रमांक १ असेल तर `xmm0` मधला घटलेला आकडा टाकून देऊन नोंदीतली जुनी शक्ती त्यात परत भरली जाते आणि तीच लिहिली जाते. नुसते लिहिणे टाळले असते तरी चालले असते असे वाटते. पण पुढचा कोड ‘मेला का’ हे नोंदीऐवजी `xmm0` वरून तपासत असेल, तर शक्ती शंभर दिसत असूनही पात्र मरते. रजिस्टरच दुरुस्त केले की ती शक्यता मिटते.

`pushfq` आणि `popfq` या जोडीचे कारणही असेच. `cmp` केल्यावर प्रोसेसरचे तुलनेचे झेंडे बदलतात. मूळ कोडने आधी एखादी तुलना करून तिचा निकाल पुढे वापरायचा ठेवला असेल, तर मधल्या `cmp` ने तो पुसला जातो आणि खेळ काहीतरी भलतेच वागतो. घुसवलेल्या कोडने जे उसने घेतले ते जसेच्या तसे परत ठेवायला हवे. ही या कामातली सर्वांत महत्त्वाची शिस्त आहे.

आकड्यांचा एक सापळा सांगायलाच हवा. या खिडकीत सूचनांमधले आकडे सोळाच्या पायातले धरले जातात, म्हणून `14` म्हणजे दशमान वीस. दशमान लिहायचा असेल तर पुढे `#` लावतात. हे विसरणाऱ्याचा कोड बिनतक्रार चालू होतो आणि चुकीचा खाना तपासत राहतो.

उडीची लांबी हा सर्वांत नाजूक भाग. साधी उडी पाच बाइटची असते: एक बाइट सूचनेचा, चार बाइट अंतराचे. मूळ सूचना `F3 0F 11 43 08`, म्हणजे नेमके पाच बाइट, म्हणून इथे काही उरत नाही. पण सातव्या पायरीतल्या, शक्तीतून एक वजा करणाऱ्या `sub` सूचनेसारखी ती सात बाइटची असेल, तर उरलेले दोन बाइट `nop` ने, म्हणजे काहीच न करणाऱ्या सूचनेने, भरावे लागतात. मूळ सूचना पाचाहून लहान असेल तर शेजारची सूचनाही उचलून नव्या जागेत न्यावी लागते. अर्धी सूचना मागे राहिली तर प्रोसेसर तिचे तुकडे भलत्याच सूचना म्हणून वाचतो आणि खेळ तत्क्षणी बंद पडतो. कोड चालू करताच नव्हे, तर पहिला मार बसताच खेळ कोसळला, तर संशय इथेच घ्यावा.

चार बाइटच्या अंतरात दोन गिगाबाइटच्या पलीकडे उडी मारता येत नाही. ६४-बिट कार्यक्रमात नवी जागा याहून दूर मिळू शकते. `alloc` मधले तिसरे नाव ‘जागा याच्या जवळ दे’ असे सांगते ते यासाठीच. ते गाळले आणि जागा लांब पडली, तर चौदा बाइटची लांब उडी वापरावी लागते आणि ती शेजारच्या दोनतीन सूचना गिळते.

`INJECT` ची जागा कशी सांगायची हे उरते. थेट पत्ता लिहिला तर खेळाच्या पुढच्या सुधारित आवृत्तीत तो सरकतो. म्हणून `aobscanmodule` ही आज्ञा देऊन खेळाच्या फाइलमध्ये त्या सूचनेच्या बाइटची ओळख शोधतात. फक्त पाच बाइट कार्यक्रमात अनेक ठिकाणी सापडू शकतात. पुढच्या एकदोन सूचनांचे बाइटही जोडून ओळख एकमेव करावी लागते, आणि बदलण्याची शक्यता असलेल्या बाइटच्या जागी `??` लिहितात. बदल मागे घ्यायचा भाग छोटा असतो:

```
INJECT:
  db F3 0F 11 43 08
dealloc(newmem)
```

मूळ पाच बाइट परत लिहिले, घेतलेली जागा सोडली, खेळ पूर्ववत. हे सगळे मेमरीत घडते, डिस्कवरची फाइल बदलत नाही.

प्रत्येक खेळ इतका सरळ नसतो. युनिटीच्या मोनोवर चालणाऱ्या खेळांत कोड खेळ सुरू असताना तयार होतो, त्यामुळे तो फाइलच्या भागात सापडत नाही आणि ओळख सगळ्या मेमरीत शोधावी लागते. काही खेळ डीबगर जोडलेला पाहताच बंद होतात. एका प्रक्रियेला विंडोजचा नेहमीचा डीबगर एकच जोडता येतो, म्हणून दुसरे साधन आधीच जोडलेले असले तरी पहारा बसत नाही. इंटरनेटवरच्या अनेकांच्या खेळांत शक्तीचा खरा आकडा सहसा सर्व्हरवर असतो. तिथे आपल्या संगणकावरचा आकडा बदलून फक्त पडद्यावरचे चित्र बदलते, इतर खेळाडूंचा खेळ बिघडवण्याचा प्रयत्न ठरतो आणि खाते बंद होऊ शकते. ही पद्धत आपल्या संगणकावरच्या, एकट्याच्या खेळापुरतीच वापरावी.

नवव्या पायरीत कोड चालू करून खेळ आपोआप चालू दिला की हॅल आणि किटची शक्ती घटत जाते, डेव्ह आणि एरिकची जागच्या जागी राहते आणि पुढे जाण्याचे बटण खुले होते.