पक्क्या बिलावर कर नसतो तेव्हा

बाजारात बिलाच्या दोनच जाती मानल्या जातात, कच्चं आणि पक्कं. चिठ्ठीवर आकडे मांडून दिले की ते कच्चं, आणि छापील पावतीवर जीएसटीची टक्केवारी वेगळी दाखवली की ते पक्कं. ही समजूत नेहमीच्या नोंदणीतल्या व्यापाऱ्यापुरती बऱ्याच अंशी खपून जाते. पण कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला ती थेट अडचणीत आणते, कारण त्याच्या पक्क्या बिलावर कराची ओळ असूच शकत नाही. त्याने ती लिहिली तर बिल अधिक पक्कं होत नाही, उलट ते बेकायदा ठरतं. टॅक्स इन्व्हॉइस, बिल ऑफ सप्लाय आणि कॅश मेमो या तीन नावांचा सगळा गोंधळ या एका गैरसमजातून सुरू होतो. माझं म्हणणं असं की या तिन्हींतली निवड गल्ल्यावर होतच नाही. दुकानदार कोणत्या नोंदणीत बसला आहे यावरून ती आधीच ठरलेली असते. गिऱ्हाईक काय मागतं यावरून ती बदलत नाही.

आधी योजना थोडक्यात पाहू. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १० खाली, वर्षाची एकूण उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेला व्यापारी या योजनेत जाऊ शकतो. मालाच्या व्यापाऱ्याने उलाढालीवर एक टक्का कर भरायचा. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ भरायचं आणि वर्षाचं एकच विवरणपत्र द्यायचं. या सुटसुटीतपणाच्या बदल्यात दोन गोष्टी सोडाव्या लागतात. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून कर म्हणून काहीही घेता येत नाही. शिवाय राज्याबाहेर माल विकता येत नाही. बिलाचा प्रश्न यातल्या दुसऱ्या अटीशी बांधलेला आहे. टॅक्स इन्व्हॉइस म्हणजे ‘मी तुमच्याकडून इतका कर घेतला’ असं सांगणारा कागद. ज्याला कर घेण्याचा अधिकारच नाही, त्याने हा कागद देणं म्हणजे न घडलेल्या गोष्टीची साक्ष देणं. म्हणून कलम ३१ त्याला टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय द्यायला सांगतं.

एका व्यवहारातून हे स्पष्ट होईल. तालुक्याच्या गावी विजेच्या सामानाचं एक दुकान आहे असं धरू. दुकानदाराने वायरचं एक बंडल घाऊक व्यापाऱ्याकडून १,००० रुपये अधिक १८ टक्के कर, म्हणजे १,१८० रुपयांना घेतलं आणि १,३०० रुपयांना विकलं. तो कंपोझिशनमध्ये असेल तर खरेदीवरचे १८० रुपये त्याच्या खर्चातच गेले. विक्रीवर एक टक्का म्हणजे १३ रुपये त्याने पदरचे भरले आणि हातात १०७ रुपये उरले. तोच दुकानदार नेहमीच्या नोंदणीत असता आणि तेच बंडल करासह १,३०० रुपयांना विकता, तर त्यातली मूळ किंमत १,१०१.६९ आणि कर १९८.३१ रुपये झाला असता. त्यातून खरेदीचे १८० वजा करून त्याने १८.३१ रुपये भरले असते आणि उरले असते १०१.६९. म्हणजे घरमालकाला किंवा शेतकऱ्याला वायर विकताना कंपोझिशनवाला पाच रुपये पुढेच आहे, शिवाय त्याचं कागदकाम कमी.

आता तेच बंडल नोंदणीकृत वायरमन ठेकेदाराने घेतलं असं धरा. नेहमीच्या दुकानदाराकडून घेतलं तर त्याला १९८.३१ रुपयांची वजावट मिळते, म्हणजे बंडल त्याला खऱ्या अर्थाने १,१०१.६९ रुपयांना पडतं. कंपोझिशनवाल्याकडून घेतलं तर पूर्ण १,३०० रुपये लागतात. फरक जवळपास दोनशे रुपयांचा आहे. म्हणूनच ठेकेदार गल्ल्यावर उभा राहून म्हणतो, “शेठ, जीएसटीचं बिल द्या की.” त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने योग्यच आहे, पण ते चुकीच्या दुकानात मांडलेलं आहे. दुकानदाराच्या हातात तो दोनशेचा फरक देण्याजोगं काहीच नाही.

गिऱ्हाईक तुटू नये म्हणून काही दुकानदार १,३०० रुपयांचं बिल फोडून दाखवतात, मूळ किंमत इतकी आणि कर इतका. इथे दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. बिलावर कर म्हणून दाखवलेले १९८.३१ रुपये कलम ७६ प्रमाणे सरकारचे होतात आणि ते दुकानदाराला भरावेच लागतात. त्याचा एक टक्का तर वेगळा उरतोच. तीन महिन्यांत ते भरले नाहीत तर कलम १२२ खाली दंड लागतो, आणि तो किमान दहा हजारांचा आहे. एका बंडलमागे १०७ रुपये मिळवणाऱ्या माणसाने एवढा धोका पत्करायचा, तोही ज्याच्यासाठी पत्करला त्याच्या कामी येत नाही. ठेकेदाराची वजावट कागदावरून मिळत नाही. विक्रेत्याने आपली विक्री पोर्टलवर दाखवली की ती ठेकेदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटते आणि तिथूनच मिळते. कंपोझिशनवाला विक्रीचं ते मासिक विवरणपत्र भरतच नाही, त्यामुळे त्याचं बिल तिथे कधीच येणार नाही. खरेदीदाराला हे आधी ताडून पाहता येतं. जीएसटी पोर्टलवर दुकानदाराचा नोंदणी क्रमांक घातला की त्याचा करदाता-प्रकार कंपोझिशन आहे की नाही ते दिसतं. शिवाय दुकानाच्या पाटीवर तसं लिहिणं बंधनकारक आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. निदान भरलेला एक टक्का तरी बिलावर दाखवू द्या, तो खराच भरलाय ना? आक्षेपामागची भावना मी समजू शकतो, पण उत्तर नाही असंच आहे. तो एक टक्का त्या बंडलवरचा कर नसून दुकानदाराच्या तिमाही उलाढालीवरचा आहे. त्याचं ओझं कायद्याने जाणीवपूर्वक विक्रेत्यावर ठेवलं आहे. किंमत ठरवताना ते १३ रुपये मनात धरायला कोणी अडवत नाही, मात्र छापील कमाल किरकोळ किमतीच्या वर जाता येत नाही. १,३०० ऐवजी १,३१३ रुपये भाव लावला तर तो भाव झाला. १,३०० लिहून खाली ‘कर १३’ लिहिलं की तोच आकडा बेकायदा वसुली ठरतो. रक्कम तीच असली तरी गिऱ्हाइकाला ती कोणत्या नावाने सांगितली यावर सगळं अवलंबून आहे.

कॅश मेमोचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून जीएसटी येईपर्यंत व्हॅट होता. त्या कायद्यात टॅक्स इन्व्हॉइससोबत ‘बिल किंवा कॅश मेमोरँडम’ असे शब्दच होते. त्यामुळे ते नाव दुकानांत आणि छापखान्यांत रुळलं आणि १ जुलै २०१७ नंतरही तसंच राहिलं. जीएसटीच्या कायद्यात मात्र कॅश मेमो नावाचा स्वतंत्र कागद नाही. ज्याची उलाढाल मालाच्या नोंदणीच्या मर्यादेच्या, म्हणजे महाराष्ट्रात ४० लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणीच घेतलेली नाही, त्याने आपल्या पावतीला काहीही म्हणावं. कंपोझिशनवाल्याने मात्र ‘कॅश मेमो’ एवढंच छापून भागत नाही. नियम ४९ मध्ये बिल ऑफ सप्लायवर काय हवं ते ठरलेलं आहे: दुकानाचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक, त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा सोळा अक्षरांपर्यंतचा अनुक्रमांक, तारीख, मालाचं वर्णन, सूट वजा जाता किंमत आणि सही. घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याचंही नाव, पत्ता आणि क्रमांक. आणि सर्वात वर, आपण कंपोझिशन करदाते आहोत व पुरवठ्यावर कर घेण्यास पात्र नाही, हे वाक्य. जुन्या कॅश मेमोच्या पुस्तकांत सहसा नेमकं हेच वाक्य नसतं आणि तळाशी कराचा रिकामा रकाना मात्र असतो. घाईत कोणीतरी तो भरतंच. पंखा किंवा मिक्सर घेणाऱ्याला वॉरंटीसाठी पक्कं बिल हवं असतं, तेव्हाही मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेलं बिल ऑफ सप्लाय पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खिळे, होल्डर, टेप विकणाऱ्याने वीस रुपयांच्या प्रत्येक विक्रीला बिल फाडायचं का? नाही. किंमत दोनशे रुपयांच्या आत असेल, घेणारा नोंदणीकृत नसेल आणि तो बिल मागत नसेल, तर दर विक्रीला बिल देण्याची गरज नाही. मात्र दिवसअखेरीला अशा सगळ्या विक्रीचं एक एकत्रित बिल करायचं. पहिला अर्धा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा बहुतेक जण विसरतात, आणि तोच दुकानदाराला वाचवणारा आहे.

किराणा दुकानात त्याची किंमत रुपयांत मोजता येते. १ जानेवारी २०१८ पासून व्यापाऱ्याला एक टक्का फक्त करपात्र विक्रीवर लागतो. उत्पादकाला आणि हॉटेलवाल्याला ही सवलत नाही. समजा तिमाहीत नऊ लाखांची विक्री झाली आणि त्यात सुटं धान्य, मीठ, दूध असा करमुक्त माल साडेतीन लाखांचा होता. मग कर साडेपाच लाखांवर, म्हणजे ५,५०० रुपये लागतो. बिलांत आणि दिवसअखेरच्या बेरजेत दोन्ही माल वेगळे दाखवलेले नसतील तर ती वजाबाकी सिद्ध कशाने करणार? मग नऊ हजार भरावे लागतात, तिमाहीला साडेतीन हजार जास्त. दीड कोटींची मर्यादा मोजताना मात्र करमुक्त विक्रीही धरली जाते, हे लक्षात ठेवायला हवं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या. त्यांतल्या कित्येकांचा माल भाजी-दुधासारखा करमुक्त होता. खात्यात आलेला पैसा कोणत्या मालाचा, हे बँक सांगत नाही. दोन रकान्यांचं रोजचं बिलच ते सांगू शकतं.

आता वायरच्या दुकानाकडे परत जाऊ. त्याचे निम्मे गिऱ्हाईक ठेकेदार होत चालले असतील तर उपाय बिलाच्या पुस्तकात नाही. त्याने योजना सोडायला हवी. योजनेत येण्याची सोय आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला असते, पण बाहेर वर्षाच्या मध्येही पडता येतं. त्यासाठी सीएमपी-०४ भरायचं. दीड कोटींची मर्यादा ओलांडली तर हा अर्ज सात दिवसांत द्यावा लागतो. पण अर्ज करायला सात दिवस असले तरी कागद त्याच दिवशी बदलतो. मर्यादा ओलांडल्यानंतरच्या प्रत्येक करपात्र विक्रीला टॅक्स इन्व्हॉइसच द्यावं लागतं आणि नेहमीच्या दराने कर लागतो. त्या आठवड्यात जुन्याच पुस्तकातून बिल ऑफ सप्लाय फाडली, तर १,३०० रुपयांच्या बंडलवर १३ ऐवजी १९८.३१ रुपये द्यायची वेळ येते आणि ते गिऱ्हाइकाकडून घ्यायची संधी गेलेली असते. उलट बाजूने, त्या दिवशी शिल्लक असलेल्या मालावरच्या कराची वजावट आयटीसी-०१ भरून तीस दिवसांत मागता येते. त्यासाठी घाऊक व्यापाऱ्याची टॅक्स इन्व्हॉइस जपून ठेवलेली असावी लागतात, आणि कंपोझिशनमध्ये असताना ‘वजावट तर मिळत नाही’ म्हणून हाच गठ्ठा रद्दीत जातो. म्हणून उलाढाल सव्वा कोटीच्या पुढे सरकली की खरेदीची फाईल लावून ठेवावी, टॅक्स इन्व्हॉइसचं एक कोरं पुस्तक छापून घ्यावं आणि दर शनिवारी एप्रिलपासूनची बेरीज पाहावी.