ताटे किती, डबे किती?

११९ रुपयांची काही ताटे आणि १६१ रुपयांचे काही डबे घेतले. बिल झाले ३६९६ रुपये. तर ताटे किती आणि डबे किती? अशी कोडी एखाद्या पुस्तकातून मोबाइलने टिपली जातात आणि गटागटातून फिरतात. फोटो बहुधा तिरका असतो, एखादा आकडा पुसट असतो आणि खालची ओळ कापली गेलेली असते. या कोड्याच्याही फोटोत बिलाचा शेवटचा आकडा ६ आहे की ८, ते नीट दिसत नाही आणि शेवटची ओळ तर आलेलीच नाही. तरीही यातून बरेच काही काढता येते.

ताटांची संख्या x आणि डब्यांची y धरली, तर समीकरण ११९x + १६१y = ३६९६ असे होते. शाळेत दोन चलांसाठी दोन समीकरणे लागतात असे शिकवतात, आणि इथे तर एकच आहे. मात्र अर्धे ताट किंवा पाऊण डबा कोणी विकत घेत नाही. x आणि y पूर्णांकच हवेत ही अट दुसऱ्या समीकरणाची उणीव बरीचशी भरून काढते.

आधी त्या पुसट आकड्याचे पाहू. ११९ म्हणजे ७ × १७ आणि १६१ म्हणजे ७ × २३. ताटे आणि डबे कितीही घेतले तरी बिलाला ७ ने भाग जाणारच. ३६९६ ला तो जातो, ३६९८ ला जात नाही. म्हणजे आकडा ६ च आहे. ही चाचणी नेहमीच लागू पडते: ax + by = c या समीकरणाला पूर्णांकी उत्तर असण्यासाठी a आणि b यांच्या मसाविने c ला भाग गेला पाहिजे. भाग जात नसेल, तर पुढची सगळी आकडेमोड व्यर्थ.

भाग जात असेल तर उत्तर असतेच, आणि ते शोधण्याची रीत मसावि काढण्याच्या रीतीतच दडलेली आहे. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचे, उरलेल्या बाकीने मागच्या भाजकाला भागायचे आणि असेच पुढे जायचे:

१६१ = १ × ११९ + ४२
११९ = २ × ४२ + ३५
४२ = १ × ३५ + ७

७ ने ३५ ला पूर्ण भाग जातो, तेव्हा मसावि ७. आता याच पायऱ्यांनी उलटे वर चढायचे. शेवटच्या ओळीवरून ७ = ४२ − ३५. त्यातल्या ३५ च्या जागी ११९ − २ × ४२ लिहिले की ७ = ३ × ४२ − ११९ मिळते. मग ४२ च्या जागी १६१ − ११९ घातले की ७ = ३ × १६१ − ४ × ११९. पडताळा सोपा आहे: ४८३ मधून ४७६ गेले, ७ उरले. बिल ७ च्या ५२८ पट आहे, म्हणून दोन्ही गुणकांना ५२८ ने गुणायचे. x = −२११२, y = १५८४ हे एक उत्तर हाती आले. दोन हजारांवर ताटे उणे! दुकानात त्याचा उपयोग शून्य, पण समीकरणाला ते चोख लागू पडते, आणि एक उत्तर मिळाले की बाकीची सगळी मिळतात.

भारतात ही रीत कुट्टक या नावाने चालत आली. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ती सूत्ररूपाने मांडली आणि ११५० मधल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी तिला स्वतंत्र प्रकरण दिले. तिथला एक प्रश्न असा आहे: २२१ ला कशाने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? तिन्ही संख्यांना १३ ने भाग जातो, तो आधी देऊन टाकला की १७, ५ आणि १५ उरतात, आणि गुणक निघतो ५. भाज्य आणि हर यांना ज्या संख्येने भाग जातो तिने मिळवायच्या संख्येला जात नसेल, तर प्रश्नच सदोष आहे, असेही भास्कराचार्य बजावतात. पुसट आकडा ओळखून देणारी चाचणी ती हीच.

आता सगळी उत्तरे. समीकरणाला ७ ने भागले की १७x + २३y = ५२८ उरते. एका उत्तरात ताटे २३ ने वाढवली, तर खर्च २३ × १७ ने वाढतो. डबे १७ ने कमी केले, तर तो तेवढाच घटतो. बेरीज हलत नाही. म्हणून

x = −२११२ + २३t, y = १५८४ − १७t

इथे t कोणताही पूर्णांक. याखेरीज आणखी एखादे उत्तर नाही ना, ही शंका रास्त आहे. कोणत्याही दोन उत्तरांची वजाबाकी घ्या. ताटांमधल्या फरकाची १७ पट ही डब्यांमधल्या फरकाच्या २३ पटीएवढीच असते, फक्त चिन्ह उलटे. १७ आणि २३ सहमूळ आहेत, म्हणून ताटांमधल्या फरकाला २३ ने भाग गेलाच पाहिजे. तेव्हा यादीबाहेर काही उरत नाही. व्यापक रूपात, मसावि d आणि एक उत्तर (x₀, y₀) असेल, तर सर्व उत्तरे अशी:

x = x₀ + (b/d)t, y = y₀ − (a/d)t

चूक हमखास होते ती d ने भागायचे विसरण्यात. २३ ऐवजी १६१ ची उडी घेतली तरी मिळणारे प्रत्येक उत्तर बरोबरच येते, त्यामुळे पडताळ्यात काहीच खटकत नाही. पण सातांतली सहा उत्तरे निसटतात. दुसरी चूक दोन्हीकडे अधिक चिन्ह देण्याची. ती मात्र t = १ ठेवून एकदा बेरीज केली की लगेच पकडली जाते.

दुकानात x आणि y दोन्ही धन हवेत. x धन असण्यासाठी t किमान ९२ हवा, आणि y साठी तो ९३ च्या पुढे जाता कामा नये. t = ९२ घेतला तर ४ ताटे आणि २० डबे, म्हणजे ४७६ आणि ३२२० रुपये. t = ९३ घेतला तर २७ ताटे आणि ३ डबे, म्हणजे ३२१३ आणि ४८३ रुपये. दोन्ही बेरजा ३६९६ च. फोटोत कापली गेलेली ओळ या दोहोंतले एक निवडण्यासाठीच असणार; ‘ताटे डब्यांपेक्षा जास्त’ एवढे तीन शब्दही पुरेसे होते. ती ओळ हाती नसताना एकच उत्तर ठासून सांगणारा कोडे सोडवत नाही, अंदाज करतो.

मसाविची चाचणी पूर्णांकी उत्तराची हमी देते, धन उत्तराची नाही. बिल २४५७ रुपये असते, तर ७ ने भाग जाऊन १७x + २३y = ३५१ उरले असते. याची x = २२, y = −१ आणि x = −१, y = १६ ही लगतची दोन उत्तरे. एकात डबा उणे, दुसऱ्यात ताट उणे, आणि त्यांच्या मध्ये एकही उत्तर नाही. ७ ने भाग जाणारे पण या दोन वस्तूंनी कधीच न होणारे सर्वांत मोठे बिल हेच. १७ आणि २३ यांच्या गुणाकारातून दोन्ही संख्या वजा केल्या की ३५१ येतात, त्याची ७ पट २४५७. त्यापुढचे ७ ने भाग जाणारे प्रत्येक बिल ताटांनी, डब्यांनी किंवा दोहोंनी मिळून नेमके भरता येते.