पैठणीचा शोध आणि तुळशीचं लग्न

येवल्याच्या पैठणीची ऑनलाइन विक्री करणारा दुकानदार गूगलवर जाहिरात देतो, तेव्हा कोणत्या शब्दांच्या शोधावर ती दिसावी हे त्याला ठरवावं लागतं. 'पैठणी' हा शब्द तर बारा महिने चालतो. 'लग्नाची पैठणी', 'नवरीसाठी पैठणी' हे शब्द मात्र हंगामी आहेत. ते यादीत कधी घालायचे, हा खरा प्रश्न.

उत्तरासाठी बहुतेकजण सरासरी मासिक शोधसंख्या पाहतात आणि तिथेच फसतात. समजा सरासरी हजार आहे. ती दर महिन्याच्या हजारांतून आलेली असेल किंवा नऊ महिने तीनशे आणि तीन महिने तीन हजारांच्या वर, अशीही आलेली असेल. म्हणून गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा आलेख काढावा. त्यातले आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. सर्वोच्च आठवडा शंभर धरून बाकीचे त्याच्या तुलनेत मोजलेले असतात. आपल्याला शिखर नको, चढ कुठे सुरू होतो तो आठवडा हवा. शिखराच्या वेळी बऱ्याच घरांची खरेदी उरकलेली असते.

पण हा आठवडा इंग्रजी तारखेने लक्षात ठेवू नये. तुळशीचं लग्न 2023 मध्ये 24 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 13ला, 2025 मध्ये 2ला. मुहूर्त त्यानंतर सुरू होतात. समजा दरवर्षी चढ त्याआधी सहा आठवडे दिसतो. मग 2025 मध्ये तो 21 सप्टेंबरच्या सुमारास येईल. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने तुळशीचं लग्न पुन्हा 21 नोव्हेंबरवर जातं आणि चढ 10 ऑक्टोबरच्या आसपास येतो. मागच्या वर्षीची तारीख उचलणारा जवळजवळ तीन आठवडे आधीच पैसे खर्चू लागेल. शिवाय त्या वर्षी 17 मे ते 15 जून अधिक मास. ऐन मे महिन्यातली मागणी तिथे तुटणार, हे जुना आलेख सांगत नाही. ते पंचांगातच पाहावं लागतं.

आलेखातली प्रत्येक उंची ग्राहकांचीही नसते. 'गोष्ट एका पैठणीची' या चित्रपटाला 2022च्या जुलैत राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि डिसेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला. अशा वेळी 'पैठणी' शोधणाऱ्यांत प्रेक्षकही मिसळतात. ट्रेंड्समध्ये आलेखाखाली संबंधित शोध दिसतात. तिथे चित्रपटाचं नाव असेल तर तो उंचवटा हिशेबातून वगळावा आणि 'चित्रपट', 'गाणं' हे शब्द नकारात्मक यादीत टाकावेत. दिवाळीची खरेदीही अशीच मिसळते, म्हणून 'लग्नाची पैठणी'चा आलेख वेगळा पाहिलेला बरा. शोध फारच कमी असतील, तर तो वेडावाकडा येतो किंवा येतच नाही. तेव्हा 'लग्नाची साडी' हा मोठा शब्द दिशेपुरता घ्यावा.

जाहिरातीतले नवे शब्द चढाच्या दोनेक आठवडे आधी घालावेत, म्हणजे तपासणी होऊन कोणत्या शब्दावर ऑर्डर येते ते दिसायला वेळ मिळतो. संकेतस्थळावरचं नवं पान मात्र शोधात वर यायला महिने घेऊ शकतं. ते पावसाळ्यातच लिहायला घ्यावं. क्लिक येताहेत पण ऑर्डर थांबल्या, की शब्द काढून न टाकता थांबवून ठेवावेत, म्हणजे पुढच्या हंगामात ते पुन्हा चालू करता येतात.